पाइपलाइनिंगची दोन आठवड्यांची उजळणी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी : चाचणी आणि आखणी

विद्यार्थी गेटच्या कॉम्प्युटर सायन्स पेपरची तयारी करतो आहे. परीक्षा फेब्रुवारीत. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनसाठी हातात दोन आठवडे आणि रोजचे अडीच तास आहेत. आज दोन भागांची छोटी चाचणी घेतली. संख्यापद्धतींचा भाग त्याने वेळेच्या आत आणि बिनचूक सोडवला. टूज कॉम्प्लिमेंट, ओव्हरफ्लो, आयईईई ७५४, हेक्स ते दशांश यांपैकी कुठेही हात अडला नाही. पाइपलाइनिंगच्या भागात `k + n - 1` हे सूत्र तोंडपाठ होते. सगळ्या इन्स्ट्रक्शन एकमेकींपासून स्वतंत्र असतील तोवर उत्तरेही बरोबर आली. एक इन्स्ट्रक्शन दुसरीच्या उत्तरावर अवलंबून असली की मात्र उत्तर चुकले, आणि तेही दर वेळी वेगळ्या पद्धतीने.

उत्तरपत्रिकेत एकही तक्ता काढलेला नव्हता, स्टॉल, म्हणजे थांबण्यात गेलेल्या सायकल, सगळे मनात मोजलेले. खरी कमजोरी ही आहे. नवे सूत्र देऊन ती जाणार नाही. त्यामुळे दोन आठवड्यांचा मुख्य भर एकाच सवयीवर ठेवला आहे : प्रत्येक प्रश्नाला सायकलवार तक्ता काढायचा, आणि तोही चौकटीच्या वहीत. कोऱ्या कागदावर रकाने सरकतात आणि एका सायकलची चूक दिसत नाही.

रोज दोन तास पाइपलाइनिंगला, वीस मिनिटे संख्यापद्धतींना आणि उरलेली दहा मिनिटे चुकांच्या वहीला. सुपरस्केलर, टोमासुलो, प्रेडिक्टरची अंतर्गत रचना हे सगळे बाजूला ठेवले. इतक्या वेळात ते अर्धवटच होईल.

१३ जानेवारी : सुरुवात फ्लोटिंग पॉइंटच्या बेरजेपासून

पाइपलाइन शिकवताना बहुतेक ठिकाणी फेच, डिकोड, एक्झिक्यूट असे थेट सुरू होते. या विद्यार्थ्यासाठी दुसरे दार आहे. आयईईई ७५४ मधल्या दोन संख्यांची बेरीज तो झोपेतही करेल, आणि त्या बेरजेचे स्वाभाविक चार टप्पे पडतात : घातांकांची तुलना, लहान संख्येचा मँटिसा उजवीकडे सरकवणे, बेरीज, आणि शेवटी नॉर्मलायझेशन. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे हार्डवेअर आणि मधे रजिस्टर ठेवले की हीच अंकगणिती पाइपलाइन झाली.

सहा स्वतंत्र बेरजा दिल्या आणि तक्ता काढायला सांगितला. पहिली बेरीज सायकल ४ च्या शेवटी बाहेर पडते, त्यानंतर प्रत्येक सायकलला एक. एकूण ४ + ६ − १ = ९. सूत्र त्याला आधीच माहीत होते. त्यातला `k` म्हणजे पहिल्या बेरजेचा पूर्ण प्रवास आणि `n - 1` म्हणजे मागून येणाऱ्यांची प्रत्येकी एक सायकल, हे आज तक्त्यात डोळ्यांना दिसले.

१४ जानेवारी : अवलंबित्व, तेही रजिस्टरशिवाय

त्याच बेरजेच्या पाइपलाइनवर आठ संख्यांची बेरीज करायची. पहिल्या पद्धतीत साखळी : पहिल्या दोन मिळवा, त्यात तिसरी, मग चौथी. प्रत्येक बेरजेला आधीचे उत्तर लागते आणि ते चौथ्या टप्प्यानंतरच मिळते. सात बेरजा, प्रत्येकी चार सायकल, एकूण २८. पाइपलाइन असूनही तिचा काहीच उपयोग झाला नाही.

दुसऱ्या पद्धतीत जोड्या लावल्या. चार स्वतंत्र बेरजा सायकल १, २, ३, ४ ला सुरू होतात आणि ४, ५, ६, ७ च्या शेवटी संपतात. पहिल्या दोन उत्तरांची बेरीज सायकल ६ ला सुरू होऊन ९ ला संपते, पुढच्या दोहोंची ८ ला सुरू होऊन ११ ला. शेवटची बेरीज १२ ला सुरू होते आणि १५ ला संपते. काम तेवढेच, सात बेरजांचे. सायकल मात्र २८ ऐवजी १५.

डेटा हझार्ड म्हणजे नेमके काय, हे या उदाहरणात कोणत्याही रजिस्टरचे नाव न घेता समजते. उत्तर तयार होण्याची सायकल आणि ते लागण्याची सायकल यांत अंतर पडले की थांबावे लागते, एवढेच. पुढचे सगळे याच्यावर उभे राहणार आहे, म्हणून हा तक्ता दोनदा काढून घेतला.

विद्यार्थ्यानेच एक चांगला प्रश्न विचारला : क्रम बदलला तर उत्तर तेच येईल का? सिंगल प्रिसिजनमध्ये नेहमी नाही. १६७७७२१६ (म्हणजे `2^24`) मध्ये १ मिळवला तर मँटिसात जागा नसल्याने राउंडिंगनंतर १६७७७२१६ च राहते, पुन्हा १ मिळवला तरी तेच. आधी १ + १ करून मग मिळवले तर १६७७७२१८ येते.

१५ जानेवारी : क्लॉक कशावरून ठरतो

आता पाच टप्प्यांची नेहमीची पाइपलाइन घेतली. फेच १८०, डिकोड २५०, एक्झिक्यूट १५०, मेमरी २२०, राइटबॅक २०० पिकोसेकंद, आणि प्रत्येक टप्प्यानंतरच्या लॅचचे २० पिकोसेकंद. पुढच्या दिवसांतही हीच पाइपलाइन वापरायची आहे, म्हणून आकडे वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवायला सांगितले.

सर्वांत हळू टप्पा २५०, त्यात लॅच मिळवून क्लॉक २७०. हजार इन्स्ट्रक्शनला १००४ × २७० = २,७१,०८० पिकोसेकंद. पाइपलाइन नसताना एका इन्स्ट्रक्शनला १०००, म्हणून हजारांना १०,००,०००. स्पीडअप ३.६९.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. पाइपलाइन नसलेल्या यंत्राच्या वेळेत लॅच मिळवणे ही पहिली. तिथे लॅच नाहीतच, त्यामुळे १००० च्या जागी ११०० धरले की स्पीडअप ४.०६ येतो, जो चूक आहे. टप्पे पाच म्हणजे स्पीडअप पाच असे गृहीत धरणे ही दुसरी. पाच हा आकडा टप्पे समान असतील आणि लॅच शून्य असेल तेव्हाचा. इथे इन्स्ट्रक्शन कितीही वाढवल्या तरी १००० ÷ २७० म्हणजे ३.७० च्या वर जाता येत नाही.

१७ जानेवारी : एक कोड, तीन उत्तरे

काल फक्त चुकांची वही चाळली. आजची बैठक दोन आठवड्यांतली सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिला पूर्ण अडीच तास दिले.

```
I1: LW   R1, 0(R2)
I2: ADD  R3, R1, R4
I3: SUB  R5, R3, R1
I4: SW   R5, 4(R2)
```

अवलंबित्व नसते तर ५ + ४ − १ = ८ सायकल. इथे I2 ला R1 हवा, I3 ला R3 आणि I4 ला R5. फॉरवर्डिंग नाही, म्हणजे उत्तर राइटबॅकच्या आधी थेट पुढच्या इन्स्ट्रक्शनला देता येत नाही, पण रजिस्टर फाइलमध्ये सायकलच्या पहिल्या अर्ध्यात लिहिले जाते आणि दुसऱ्या अर्ध्यात वाचले जाते, असे धरून तक्ता :

```
cycle  1   2   3   4   5   6   7   8   9   10  11  12  13  14
I1     IF  ID  EX  ME  WB
I2         IF  --  --  ID  EX  ME  WB
I3                     IF  --  --  ID  EX  ME  WB
I4                                 IF  --  --  ID  EX  ME  WB
```

I1 चा राइटबॅक सायकल ५ ला, म्हणून I2 चे डिकोडही ५ लाच होऊ शकते. प्रत्येक अवलंबित जोडीला दोन स्टॉल पडतात. तीन जोड्या, सहा स्टॉल, एकूण १४.

आता एकाच गोष्टीत बदल : एकाच सायकलमध्ये लिहिणे आणि वाचणे शक्य नाही. मग I2 चे डिकोड सायकल ६ ला सरकते, प्रत्येक जोडीला तीन स्टॉल लागतात आणि एकूण १७ होतात.

तिसरी स्थिती फॉरवर्डिंगची. I1 ची किंमत मेमरी टप्प्यानंतर, म्हणजे सायकल ४ च्या शेवटी हाती येते. I2 चे एक्झिक्यूट अडथळा नसता तर ४ ला झाले असते, ते ५ ला जाते. एक स्टॉल. I3 ला R3 हवा, तो I2 च्या एक्झिक्यूटमधून सायकल ५ च्या शेवटी मिळतो आणि I3 चे एक्झिक्यूट तसेही ६ लाच आहे. स्टॉल नाही. I4 लाही नाही. एकूण ९.

एकाच कोडची १७, १४ आणि ९ अशी तीन उत्तरे येतात आणि तिन्ही बरोबर आहेत. चाचणीत विद्यार्थ्याची उत्तरे दर वेळी वेगळी का चुकत होती, ते इथे उलगडले. तो एका प्रश्नात एक गृहीतक धरत होता आणि पुढच्यात नकळत दुसरे. म्हणून आजपासून नियम असा की तक्त्याच्या डोक्यावर आधी दोन ओळी लिहायच्या : फॉरवर्डिंग आहे की नाही, आणि एकाच सायकलमध्ये लिहून वाचता येते की नाही. या ओळी लिहिल्याशिवाय पहिला रकाना भरायचा नाही.

प्रश्नात फॉरवर्डिंगचा उल्लेखच नसेल तर ते नाही असे धरावे. लिहिणे-वाचणे एकाच सायकलमध्ये होते का, हे दिलेले नसेल आणि पर्याय असतील, तर दोन्ही उत्तरे काढून पर्यायांत कोणते आहे ते पाहावे. दुसरा तक्ता काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

१८ जानेवारी : तक्ता तपासायचा कसा

आज त्याने स्वतः काढलेल्या तक्त्यांत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली. I2 थांबली की तिला तो उजवीकडे सरकवतो, पण I3 ला जागच्या जागी ठेवतो. परिणामी एकाच सायकलमध्ये दोन इन्स्ट्रक्शन एक्झिक्यूटमध्ये दिसतात. इन-ऑर्डर पाइपलाइनमध्ये पुढची अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. कोणालाही ओलांडून जाता येत नाही.

यासाठी उभी तपासणी ठरवली. तक्ता आडवा भरायचा आणि उभा वाचायचा. प्रत्येक रकान्यात टप्प्याचे एक नाव एकदाच आले पाहिजे. कालच्या तक्त्यात रकाना ५ मध्ये WB, ID, IF आहेत, तिन्ही वेगळे, म्हणून ठीक. बायनरी बेरजेत कॅरी उभ्या रकान्याने तपासायची सवय त्याला आहेच, त्यामुळे ही तपासणी त्याने लगेच उचलली.

दुसरी, थोडी बारीक चूक : I3 ला R1 सुद्धा लागतो, म्हणून त्याचे वेगळे स्टॉल तो मिळवत होता. R1 सायकल ५ लाच लिहून झाला आहे आणि I3 चे डिकोड ८ ला आहे. एका कारणाने थांबलेली इन्स्ट्रक्शन दुसऱ्या कारणासाठी पुन्हा थांबत नाही. स्टॉलची बेरीज करायची नसते. प्रत्येक कारणाने डिकोडची सर्वांत लवकरची सायकल कोणती येते ते काढायचे आणि त्यातली सर्वांत उशिराची घ्यायची.

१९ जानेवारी

फॉरवर्डिंगचे आठ छोटे कोड. सगळ्यांतून एकच गोष्ट पक्की करायची होती : लोडनंतर लगेच तीच किंमत वापरणारी इन्स्ट्रक्शन आली, तर फॉरवर्डिंग असूनही एक स्टॉल पडतो. कारण किंमत मेमरी टप्प्याच्या शेवटी येते आणि मागचीला ती त्याच सायकलच्या सुरुवातीला हवी असते. तारा कितीही जोडल्या तरी वेळेत मागे जाता येत नाही. मधे एखादी असंबंधित इन्स्ट्रक्शन आणून ठेवली तर स्टॉल जातो, आणि कंपायलर नेमके हेच करतो. सात बरोबर आले. आठव्यात लोडचे उत्तर एक्झिक्यूटनंतरच मिळते असे धरले होते. तिथे पत्ता तयार होतो, किंमत नाही.

२० जानेवारी : संख्यापद्धती

रोजची वीस मिनिटे चालूच होती, आज पाऊण तास दिला. ज्याला विषय येतो त्याचे गुण सोप्या प्रश्नांत जात नाहीत, कडेच्या प्रश्नांत जातात, म्हणून फक्त तेच घेतले. −६.२५ चे सिंगल प्रिसिजन रूप `0xC0C80000` त्याने मिनिटाच्या आत दिले. डीनॉर्मल संख्येत मात्र घातांकाचे क्षेत्र शून्य म्हणून घातांक −१२७ लिहिला. तो −१२६ असतो, आणि अध्याहृत १ च्या जागी ० येतो. त्यामुळे सर्वांत लहान धन संख्या `2^-149`. चुकांच्या वहीत संख्यापद्धतींची ही पहिली नोंद. उरलेल्या दिवसांत इथे अधिक वेळ घालायची गरज नाही.

२१ जानेवारी : एक्झिक्यूटला अनेक सायकल

चार टप्पे : फेच, डिकोड, एक्झिक्यूट, राइटबॅक. गुणाकाराला एक्झिक्यूटमध्ये तीन सायकल, बाकीच्यांना एक. फॉरवर्डिंग आहे, एक्झिक्यूटचे युनिट एकच.

```
MUL R2, R0, R1
ADD R5, R3, R4
SUB R6, R2, R5
```

MUL चे एक्झिक्यूट सायकल ३ ते ५. ADD कोणावरही अवलंबून नाही, तरी युनिट मोकळे नसल्याने त्याचे एक्झिक्यूट ६ ला. SUB चे ७ ला, राइटबॅक ८ ला. एकूण ८.

विद्यार्थ्याने १० काढले. SUB ला R2 हवा म्हणून त्याने दोन स्टॉल वेगळे मिळवले. R2 सायकल ५ च्या शेवटी तयार आहे, R5 सायकल ६ च्या शेवटी, आणि SUB चे एक्झिक्यूट युनिटच्या अडचणीमुळे तसेही ७ च्या आधी होत नव्हते. स्ट्रक्चरल हझार्डने डेटा हझार्ड झाकला. १८ तारखेचाच नियम, फक्त वेगळ्या वेशात. हा प्रकार गेटमध्ये आवडीने विचारला जातो, म्हणून याची आणखी पाच उदाहरणे उद्या सकाळसाठी दिली.

२२ जानेवारी : ब्रँच

आधी दंड म्हणजे काय ते ठरवले. ब्रँचचा निर्णय ज्या टप्प्याच्या शेवटी होतो त्याचा क्रमांक s असेल, तर वाया जाणाऱ्या सायकल s − १. ब्रँच सायकल १ ला फेच झाली आणि एक्झिक्यूट, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात निर्णय झाला, तर योग्य इन्स्ट्रक्शन ४ ला फेच होते. ती २ ला व्हायला हवी होती. दंड २. इथे ३ लिहिणे ही सर्वांत सामान्य चूक.

मग उदाहरण : I1 ते I10, त्यात I3 ही एकच ब्रँच, ती I8 वर उडी मारते, ब्रँच प्रेडिक्शन नाही. प्रत्यक्षात पूर्ण होतात I1, I2, I3, I8, I9, I10 अशा सहा. ५ + ६ − १ + २ = १२ सायकल, आपल्या २७० च्या क्लॉकवर ३२४० पिकोसेकंद. `n` च्या जागी १० घातले तर १६ येते. ते उत्तर पर्यायांत हमखास असते, म्हणून ते दिसल्यावर खात्री वाटून घेऊ नये.

२३ जानेवारी : सगळे एकत्र, आणि टप्पे वाढवण्याचा खर्च

आज तक्ता नाही, सरासरी : एका इन्स्ट्रक्शनला किती सायकल, म्हणजे CPI. इन्स्ट्रक्शनपैकी २५ टक्के लोड, त्यांतल्या ४० टक्क्यांनंतर लगेच ती किंमत वापरणारी इन्स्ट्रक्शन. २० टक्के ब्रँच, त्यांतल्या ६० टक्के उडी मारतात. यंत्र उडी नाही असे धरून पुढे जाते, म्हणजे दंड फक्त उडी मारणाऱ्यांना.

```
CPI = 1 + 0.25*0.40*1 + 0.20*0.60*2
    = 1 + 0.10 + 0.24 = 1.34
```

एका इन्स्ट्रक्शनला १.३४ × २७० = ३६१.८ पिकोसेकंद. १५ तारखेचा ३.७० चा स्पीडअप इथे २.७६ वर येतो.

पुढचा प्रश्न मुद्दाम घेतला. डिकोडचे २५० पिकोसेकंद १२५ चे दोन भाग करून वाटले तर? क्लॉक १२५ + २० होत नाही, कारण आता मेमरीचे २२० सर्वांत मोठे. नवा क्लॉक २४०. नुसता क्लॉक पाहिला तर यंत्र १२.५ टक्के वेगवान झाले. पण एक्झिक्यूट आता चौथा टप्पा आहे, म्हणून ब्रँचचा दंड ३. लोडचा स्टॉल एकच राहतो, कारण एक्झिक्यूट आणि मेमरी यांतले अंतर बदललेले नाही.

```
CPI = 1 + 0.10 + 0.20*0.60*3 = 1.46
1.46 * 240 = 350.4 ps
```

३६१.८ वरून ३५०.४. प्रत्यक्ष फायदा जेमतेम ३ टक्के. हा प्रश्न विद्यार्थ्याने मदतीशिवाय पूर्ण केला, आणि दंड २ चा ३ होतो हे स्वतःहून पकडले. १२ तारखेला त्याने क्लॉक काढून तिथेच थांबवले असते.

२४ जानेवारी : वेळ लावून

पाइपलाइनिंगचे बारा प्रश्न, संख्यापद्धतींचे चार, चाळीस मिनिटे. संख्यापद्धतींचे चारही बरोबर. पाइपलाइनिंगचे नऊ. चुकलेल्या तीनपैकी दोनांत तक्ता बरोबर होता, पण प्रश्नात नॅनोसेकंद विचारले होते आणि उत्तर सायकलमध्ये लिहिले होते. तिसऱ्यात डोक्यावरच्या दोन ओळी लिहिल्या नव्हत्या आणि १४ च्या जातीच्या प्रश्नाला १७ च्या जातीचे उत्तर आले.

आकडा टाइप करायच्या प्रश्नांना गेटमध्ये निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तक्ता अर्धवट राहिला तरी उत्तर रिकामे सोडायचे नाही. एकच पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना हे लागू नाही. तिथे गृहीतक ठरत नसेल तर दोन्ही तक्ते काढल्याशिवाय पर्याय निवडायचा नाही.

२५ जानेवारी

कालचे तीन प्रश्न पुन्हा, नव्या आकड्यांनी. तिन्ही बरोबर. डोक्यावरच्या ओळी आता तीन केल्या : फॉरवर्डिंग, एकाच सायकलमध्ये लिहिणे-वाचणे, आणि उत्तराचे एकक.

परीक्षेपर्यंत रोज दोन तक्ते काढायचे : एक डेटा हझार्डचा, एक ब्रँच किंवा अनेक सायकलच्या एक्झिक्यूटचा. दर तिसऱ्या दिवशी २३ तारखेसारखे एक सरासरीचे गणित. संख्यापद्धतींना आता दिवसाआड दहा मिनिटे, त्यातही डीनॉर्मल आणि राउंडिंग एवढेच. परीक्षेत रफ कामाच्या कागदावर छापील चौकटी मिळणार नाहीत, म्हणून शेवटचे चार दिवस तक्ते कोऱ्या कागदावर काढायचे आणि प्रत्येक वेळी सायकलचे आकडे आधी वर लिहून घ्यायचे.